वाकलेल्या पाठीचा एक फोटो आणि मणक्याचा निकाल

«मुलाला पुढे वाकवा आणि मागून पाठीचा फोटो काढा. खांदे सारखे, पाठ सपाट, तर मणका सरळ, काळजी नको. खांदा वरखाली किंवा एका बाजूला उंचवटा दिसला तर स्कोलिओसिस. जड दप्तर बंद करा, रोज बारला लटकवा, तीन महिन्यांत पाठ सरळ. शंका असेल तर फोटो ग्रुपवर टाका, जाणकार सांगतील.»

हा मेसेज यंदा नाशिकमधल्या चार पालकांनी मला पाठवला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वाढत्या मुलांच्या पाठी बघणं हे माझं रोजचं काम. पुढे वाकवून बघण्याची पद्धत अजिबात खोटी नाही. विल्यम ॲडम्स या इंग्रज सर्जनने ती 1865 मध्ये मांडली आणि आम्ही आजही तिनेच सुरुवात करतो. पण तिच्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, याची या मेसेजमध्ये पार गल्लत झाली आहे.

आधी खांद्यांचं बोलू. खांदे बघायचे ते मूल ताठ उभं असताना. वाकल्यावर हात खाली लोंबतात आणि जो हात जास्त खाली जाईल तो खांदाही खाली ओढला जातो, मग फोटोत हमखास फरक दिसतो. ताठ उभं असतानाही थोडा फरक कितीतरी निरोगी मुलांत असतो. वाकवायचं कारण वेगळंच आहे. स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो. बरगड्या मणक्यांना जोडलेल्या असल्यामुळे त्याही फिरतात, एका बाजूच्या मागे येतात आणि वाकल्यावर त्या बाजूची पाठ वर उचललेली दिसते. म्हणून नजर बरगड्यांवर हवी, आणि कमरेपाशी मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर.

सपाट फोटोवर मी का विसंबत नाही, ते एका मुलीवरून सांगते. इंदिरानगरची, बारा वर्षांची. जूनमध्ये आईने तिला गॅलरीत उभं केलं, पूर्ण वाकायला लावलं आणि स्वतः उभ्या राहून फोटो काढला. पाठ सपाट दिसली, विषय मिटला. नवरात्राच्या आधी घागरा-चोळी शिवायला मेनरोडला गेल्या, तेव्हा टेलर माप घेता घेता थांबले. "ताई, हिच्या कमरेची घडी एकाच बाजूला पडतेय. घेर सरळ धरला तरी तिरका उतरतोय." आई दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन माझ्याकडे आली, आणि तो जूनचा फोटोही दाखवला.

फोटो पाहताच चूक लक्षात आली. कॅमेरा वरून खाली बघत होता. वरून पाहिलं की डोंगरही सपाट दिसतो. उंचवटा दिसायला डोळा किंवा कॅमेरा पाठीच्या पातळीला आणि बरोबर मध्यावर हवा. शिवाय पाठीचा प्रत्येक भाग वाकण्याच्या वेगळ्या टप्प्यावर नजरेच्या रेषेत येतो. अर्धवट वाकल्यावर खांद्याच्या पात्यांजवळच्या बरगड्या, आणखी वाकल्यावर कंबर. म्हणून आम्ही मुलाला सावकाश वाकवतो आणि मान ते कंबर नजर फिरवत जातो. एका फोटोत त्यातला एकच क्षण पकडला जातो.

मी तिला अनवाणी उभं केलं, पावलं सारखी, गुडघे ताठ, तळवे एकमेकांना जोडलेले, केस वर बांधलेले. अर्ध्यात आल्याबरोबर उजव्या पात्याखाली बरगड्या उचललेल्या दिसल्या. पाठीवर आडवा ठेवून तिरकेपणा मोजायचं एक साधं साधन असतं, स्कोलिओमीटर. त्यावर 9 अंश आले. साधारण 5 ते 7 अंशांच्या पुढे गेलं की आम्ही हाडांच्या डॉक्टरकडे पाठवतो.

पण उंचवटा दिसला म्हणून तिथेच निदान होतं, असंही नाही. एक गुडघा किंचित वाकला, तळवे सुटे राहिले, खिडकीचा उजेड एकाच बाजूने पडला, तरी फोटोत उंचवटा 'तयार' होतो. एक पाय थोडा आखूड असला तर ओटीपोटाचं हाड तिरकं होतं आणि कंबर एका बाजूला वर येते. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मुलाला स्टुलावर बसवून वाकवणं. पायाचा दोष असेल तर उंचवटा जवळपास नाहीसा होतो. या मुलीचा बसूनही तसाच राहिला. स्कोलिओसिस म्हणायला मात्र उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर कोब कोन, म्हणजे कण्याचा बाक किती आहे ते सांगणारा कोन, किमान 10 अंश लागतो. वाकून मोजलेला तिरकेपणा आणि हा कोन एक नव्हेत, एकावरून दुसऱ्याचा नक्की आकडा काढता येत नाही. तिचा एक्स-रेवरचा कोन 27 अंश निघाला.

दप्तर आणि बार, दोन्हींची गत एकच. जड दप्तराने पाठ दुखते, मूल एका बाजूला झुकून चालतं, म्हणून ते हलकं करावंच. पण दप्तराने कणा पिळला जात नाही, आणि नुसतं लटकून तो उलगडतही नाही. या वयातल्या बहुतेक स्कोलिओसिसचं नेमकं कारण सापडत नाही, काही घराण्यांत तो जास्त आढळतो. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य मला तीन महिन्यांचंच वाटतं. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पाळी सुरू होण्याच्या आसपासच्या काळात, विशेषतः आधी, आणि बाकसुद्धा तेव्हाच वाढतो. ते महिने बारला लटकण्यात गेले तर परत मिळत नाहीत. या मुलीची पाळी सुरू झालेली नव्हती, म्हणजे वाढ बरीच बाकी होती. अशा वाढत्या मुलांत साधारण 25 ते 40 अंशांच्या बाकाला ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक आधार, देतात. ब्रेस कणा सरळ करायला नसतो, बाक वाढू नये म्हणून असतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत ब्रेस लावलेल्या 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. जितके तास ब्रेस अंगावर, तितका फायदा जास्त.

दहा वर्षांखालचं मूल, रात्री झोपमोड करणारं पाठदुखणं, पायात अशक्तपणा, किंवा छातीच्या भागात डावीकडे आलेला उंचवटा, यातलं काही असेल तर घरी मोजत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा. इतरांनी फोटोऐवजी सावकाश वाकण्याचा छोटा व्हिडिओ काढावा, कॅमेरा पाठीच्या उंचीला धरून. काही दिसलं नाही तरी वाढीच्या वर्षांत चार-सहा महिन्यांनी पुन्हा बघावं.

आणि तो व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. बारा वर्षांच्या मुलीची उघडी पाठ दोनशे लोकांच्या फोनमध्ये जाते आणि मग कुणालाच ती पुसता येत नाही. तपासणाऱ्याला समोर बसून दाखवा, चेहरा न घेता.

ती मुलगी आता शाळेतही ब्रेस घालते, खेळाच्या तासाला काढते. त्याच टेलरनी तिचा नवा ड्रेस ब्रेसवरून बसेल असा बेतलाय, आणि वाढत्या अंगासाठी दोन्ही बाजूंना चार बोटं माया ठेवली आहे.