कॉफी पिऊन झोपणारा येडा म्हणजे मीच

आज ऑफिसात एका महाभागाने माझा डेस्कवर डोकं टेकून झोपलेला फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'कॉफी ढोसून झोपणारा पहिला माणूस' म्हणे. हसले सगळे. हसा बाबांनो, पण आता ऐकाच.

तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून येत होतो, आदल्या रात्री लग्नाच्या धावपळीत चार तास झोप, वर भरपेट जेवण, आणि कराडच्या पुढे त्या सरळसोट रस्त्यावर दुपारी तीनला माझे डोळे मिटले. एकच सेकंद. बायको ओरडली म्हणून आज हे टाईप करतोय. पुढच्या पंपावर गाडी लावली, शेजारच्या टपरीवर तीन चमचे इन्स्टंट घालून कॉफी करून घेतली, फुंकून फुंकून दोन मिनिटांत संपवली आणि सीट मागे टाकून पडलो. वीस मिनिटांचा गजर. गाढ झोप काही लागली नाही, नुसती गुंगी, पण उठलो तेव्हा डोकं स्वच्छ.

यात जादू काही नाही हो. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानेच पेंग येते. कॅफिन त्याचीच खुर्ची अडवतं, पण त्याला अंगात भिनायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात डुलकी थोडं अडेनोसिन कमी करते, म्हणजे उठता उठता खुर्च्या रिकाम्या आणि कॅफिन दारात. इंग्लंडात लफबरो विद्यापीठात नव्वदच्या दशकात हे ड्रायव्हरांवरच तपासलं, आदल्या रात्री कमी झोपवून सिम्युलेटरवर बसवलं. नुसत्या कॉफीपेक्षा कॉफी अधिक डुलकी सरस ठरली, आणि ज्यांना नीट झोप लागली नाही त्यांनाही फायदा झाला. माझ्या पंपावर झालं ते हेच.

पण तिथे दीडशे-दोनशे मिलिग्रॅम कॅफिन होतं. आपल्या घरच्या एक चमच्याच्या दुधाळ कॉफीत जेमतेम साठेक. ती पिऊन 'काही फरक पडत नाही' म्हणणाऱ्यांनो, तुम्ही गरम दूध पिऊन झोपलात! आणि घोट घोट करत पंधरा मिनिटं पिणारे तर बोलूच नका, डोळे मिटायच्या आतच निम्मा वेळ गेला.

बरं, मान्य, एकदा मीही गजर बंद करून पन्नास मिनिटं झोपलो, उठल्यावर आपण कुठे आहोत तेच कळेना, संध्याकाळपर्यंत डोकं जड. आणि चारनंतर हा प्रयोग केला तर रात्री अकराला छताकडे बघत बसायचं, कारण पाच तासांनीही साधारण निम्मं कॅफिन अंगात असतं. बायकोचं म्हणणं, रात्री वेळेत झोपलास तर हे सगळं लागणारच नाही. तेही खरंय, काय बोलणार. रात्री नीट झोप झालेली असेल त्या दिवशी मला या कॉफी-डुलकीने फार काही तरतरी येत नाही, नुसती डुलकीही पुरते. कराडच्या त्या दुपारसारखी खरीच झोप अपुरी असते तेव्हाच कॉफी-डुलकी कामाला येते.

काल रात्री पोरगं तापाने फणफणलं होतं, दोनपर्यंत जागा होतो. फोटो काढणाऱ्याला हे कुठे माहीत. राहू दे तो फोटो ग्रुपवर, पण निदान कप तरी फ्रेममध्ये घ्यायचास रे, तीन चमचे होते त्यात.