सव्वाएकतीस अंश

मे महिन्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत अशी तापते की नळाखाली धरलेला थर्मामीटर ३८ अंश दाखवतो, आणि नेमक्या अशाच रविवारी फिश टँकचे पाणी बदलण्याचे पुण्यकर्म माझ्या वाट्याला येते. टँक ६० लिटरचा असून त्यात गप्पी आणि मॉली राहतात. त्यांना साधारण २४ ते २८ अंशांचे पाणी मानवते. आमच्याकडे मे महिन्यात ते २९ वर असते, म्हणजे मंडळी आधीच नाराज असतात.

पंधरा लिटर पाणी काढून तेवढेच नळाचे ओतले, तर उरलेल्या ४५ लिटरांशी मिसळून ते सव्वाएकतीस अंशांवर जाते. सव्वादोन अंश म्हणजे काय मोठेसे, असे शेजारचे काका म्हणतात खरे; परंतु काका घाम गाळून स्वतःला थंड करू शकतात, माशाला ती सोय नाही. कल्ल्यांतून सतत पाणी वाहत असल्याने त्याचे रक्त काही मिनिटांतच पाण्याइतके तापते, शरीरातील सर्व क्रिया वेगावतात आणि प्राणवायूची गरज वाढते. पंचाईत अशी, की गरम पाण्यात प्राणवायू कमीच विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करतात आणि घरातील लहान मंडळी "बाबा, त्यांना भूक लागली" म्हणून खाद्याचा डबा घेऊन धावतात. हाच फरक दिवसभरात हळूहळू पडला, तर शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो आणि मासे तो बहुधा निभावून नेतात.

काकांनी बर्फ टाकण्याचा सल्लाही दिला होता. तो ऐकला असता, तर उलट्या दिशेने तोच धक्का बसला असता. एकाएकी गारठलेल्या माशाची प्रतिकारशक्ती मंदावते, तो पंख मिटून घेतो, खड्यांवर अंग घासतो आणि काही दिवसांत अंगावर मिठाच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके उमटतात. हा परजीवीमुळे होणारा व्हाइट स्पॉट नावाचा रोग असून त्याचे औषधपाणी पाणी बदलण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचे असते.

म्हणून शनिवारी रात्री बादल्या भरून, क्लोरीन घालवणारे थेंब टाकून, त्या टँकशेजारी ठेवल्या जातात. सकाळी दोन्ही पाण्यांत एका अंशाहून कमी फरक उरला, की मग्याने सावकाश ओतायचे. एअर पंप चालूच ठेवायचा आणि झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडायचा. बाष्पीभवनाने तापमान उतरते, जरी ठाण्याच्या दमट हवेत हा उपाय जरा आळसावतोच. या साऱ्यात रविवारी सकाळी आंघोळीला बादली मिळत नाही, ही घरातील तक्रार मी दरवेळी गांभीर्याने ऐकून घेतो.

खरा तंटा एसीचा आहे. रात्री हॉलमध्ये तो २० वर लावून पहाटे बंद केला, तर टँकचे पाणी रोज खालीवर झुलते. सबब रिमोट आता माझ्या उशाखाली असतो, एसी २७ वर असतो, आणि सासूबाई जावयाला न विचारता पाहुण्यांना सांगतात की या घरात राहायचे तर मॉली होऊन यावे.