कार्बोनेटच्या मिश्रणात निम्मं-निम्मं करू नका

"दोन कार्बोनेटचं मिश्रण आलं की समीकरणं मांडायची गरजच नाही, CO₂ चे मोल काढा आणि अर्धे अर्धे वाटून टाका. कुठल्याही जोडीला चालतं, तापवा नाहीतर ॲसिड घाला, सगळं सेमच!"

असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आधी त्यातलं अर्धे-अर्धे वालं बघू. समजा CaCO₃ आणि MgCO₃ चं ७.२० ग्रॅम मिश्रण आहे, त्यात जास्तीचं HCl घातलं आणि ३.५२ ग्रॅम CO₂ निघाला, म्हणजे ०.०८ मोल. आता अर्धे केले तर दोन्ही ०.०४, मग वजन होतं ४.०० अधिक ३.३६ म्हणजे ७.३६ ग्रॅम, आणि घेतलं होतं ७.२०! एकूण वजन ही दुसरी माहिती आहे आणि तीच इथे फेकून दिलीय. CaCO₃ चे मोल क, MgCO₃ चे ख धरा:

क + ख = ०.०८
१००क + ८४ख = ७.२०

पहिल्याला ८४ ने गुणून दुसऱ्यातून वजा करा, १६क = ०.४८, म्हणून क = ०.०३ आणि ख = ०.०५. म्हणजे CaCO₃ ३.०० ग्रॅम आणि MgCO₃ ४.२० ग्रॅम, बेरीज बरोबर ७.२०. झालं, दोन ओळींचं काम आहे.

सोडवायच्या आधी एक नजर टाकायची सवय लावा. शुद्ध CaCO₃ मधून वजनाच्या ४४ टक्के CO₂ निघतो, MgCO₃ मधून ५२.४ टक्के, आपला ४८.९ म्हणजे मधला, ठीक. ४४ च्या खाली आला तर एकाचे मोल निगेटिव्ह येणार, म्हणजे नमुन्यात तिसरं काहीतरी आहे नाहीतर गॅस पूर्ण निघालेला नाही.

"कुठल्याही जोडीला चालतं" हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण दोन समीकरणांची पद्धतसुद्धा कुठल्याही जोडीला कागदावर चालते पण प्रयोगात नाही. वरच्या गणितात तो १६ म्हणजे दोन्ही मोलर मासमधला फरक, आणि त्यानेच शेवटी भागायचंय. थोडा CO₂ द्रावणातच विरघळून राहिला आणि ३.५२ ऐवजी ३.४८ ग्रॅम मोजला गेला तर CaCO₃ ३.०० चं ३.४८ ग्रॅम येतं! गॅसमध्ये चूक जेमतेम एक टक्का, उत्तरात सोळा टक्के. Na₂CO₃ आणि CaCO₃ घेतलं तर फरक फक्त ६, मग तेवढ्याच चुकीने CaCO₃ दीड ग्रॅमहून जास्त सरकतं, तिथे ही पद्धत वापरूच नये.

आणि तापवणं म्हणजे ॲसिड घालणं नव्हे. CaCO₃ जोरात तापवलं की CO₂ देतं, पण Na₂CO₃ साध्या बर्नरवर तसंच राहतं. त्यामुळे ही जोडी तापवली तर वजनातली सगळी घट एकट्या CaCO₃ ची, म्हणजे घटीला ४४ ने भागून १०० ने गुणलं की CaCO₃ चे ग्रॅम मिळतात आणि बाकीचं Na₂CO₃. फक्त नमुना आधी नीट वाळवलेला हवा, नाहीतर उडालेलं पाणीही त्याच घटीत मोजलं जातं.