चंद्र पाणी उचलत नाही: भरती-ओहोटीच्या फिरत्या संदेशाला उत्तर

«चंद्र लोहचुंबकासारखा समुद्राचं पाणी वर ओढतो, म्हणून भरती येते. चंद्र ज्यांच्या डोक्यावर त्यांच्याकडे भरती, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला ओहोटी. पौर्णिमेला चंद्र पूर्ण असतो म्हणून ओढ सर्वात जास्त, अमावस्येला चंद्रच नसतो म्हणून समुद्र शांत. आपल्या शरीरातही सत्तर टक्के पाणी आहे, मग चंद्राचा परिणाम आपल्यावर होणारच! सर्व मुलांपर्यंत पोहोचवा.»

मुलांनो, हा संदेश तुमच्या घरच्या फोनवर कधी ना कधी आला असेल. भरतीशी चंद्राचा संबंध आहे, एवढं त्यात खरं आहे. पण तो संबंध कसा आहे, हे जवळजवळ प्रत्येक वाक्यात चुकलं आहे. एकेक वाक्य घेऊ.

आधी लोहचुंबक. एक लीटर पाणी घ्या, वजन एक किलो. चंद्र बरोबर डोक्यावर आला की भरतीच्या जोरामुळे हे वजन किती कमी होतं? एका मिलिग्रॅमच्या साधारण दहाव्या भागाइतकं. साखरेचा एक दाणाही त्यापेक्षा जड भरेल. एवढ्याशा जोराने समुद्र वर उचलला जाणं शक्यच नाही.

मग पाणी चढतं कसं? ते आडवं सरकत येतं. ज्या भागात चंद्र डोक्यावरही नसतो आणि क्षितिजावरही नसतो, तर दोन्हींच्या मधोमध तिरपा दिसतो, तिथे त्याचा जोर पाण्याला पृष्ठभागाच्या बाजूने ढकलतो. हा जोरही तसाच इवलासा. पण आडवं सरकताना पाण्याला पृथ्वीच्या ओढीशी झगडावं लागत नाही, आणि महासागर हजारो किलोमीटर पसरलेला आहे. एवढ्या लांबीवरचं पाणी थोडं थोडं सरकलं की एका बाजूला साचतं आणि दुसऱ्या बाजूला खालावतं. विहिरीत भरती येत नाही ती याच कारणाने. तिथलं पाणी सरकून येणार कुठून? कोयनेचा शिवसागर जलाशय सुमारे पन्नास किलोमीटर लांब आहे, पण त्याच्या दोन टोकांतही चंद्रामुळे काही मिलिमीटरहून जास्त फरक पडू शकत नाही. वाऱ्याची एक झुळूक त्याहून जास्त फरक पाडते.

आता संदेशातलं दुसरं वाक्य. इथे थोडं थांबू, कारण ही चूक मोठ्या माणसांच्याही डोक्यात पक्की बसलेली असते. जेटीवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसात भरती किती वेळा येते? दोनदा. साधारण दर 12 तास 25 मिनिटांनी. पण चंद्र तर डोक्यावर दिवसातून एकदाच येतो! म्हणजे एक भरती चंद्र आपल्या बाजूला असतानाची आणि दुसरी चंद्र पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असतानाची. ही दुसरी कुठून आली?

शाळेच्या मैदानात हे करून बघा. तीन मुलं एका रांगेत, एकामागे एक उभी करा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, तिकडे चंद्र आहे असं समजा. पुढचा मुलगा म्हणजे चंद्राच्या बाजूचं पाणी, मधली मुलगी म्हणजे पृथ्वी, मागचा मुलगा म्हणजे पलीकडचं पाणी. शिटी वाजली की तिघांनीही चंद्राकडे चालायचं, पण पुढच्याने बारा पावलं, मधलीने दहा, मागच्याने आठ. पावलं सारख्याच मापाची हवीत, नाहीतर गंमत बिघडते. आता मधल्या मुलीला विचारा, काय दिसलं? पुढचा माझ्यापासून लांब गेला आणि मागचाही लांब पडला! मागच्याला कुणी मागे ढकललं का? नाही. तोही चंद्राकडेच चालला, फक्त कमी चालला.

समुद्रात हेच होतं. चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या मध्यावर त्याची ओढ 100 धरली तर चंद्राकडच्या बाजूला ती 103 च्या थोडी वर आणि पलीकडे 97 च्या जवळ येते. जवळचं पाणी पृथ्वीच्या पुढे जातं, पलीकडचं मागे राहतं. दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, आणि मधल्या पट्ट्यातलं पाणी तिकडे गेल्यामुळे तिथे ओहोटी. भरती येते ती ओढीमुळे नाही, ओढीतल्या फरकामुळे. हे एक वाक्य मात्र वहीत लिहून ठेवाच.

काही जण सांगतात की पलीकडचा फुगवटा पृथ्वी स्वतःभोवती गरगर फिरते म्हणून येतो. तसं असतं तर विषुववृत्ताजवळ सगळीकडे पाणी सारखंच फुगून राहिलं असतं, दिवसातून दोनदा चढलं-उतरलं नसतं.

फरकच महत्त्वाचा, याचा पुरावा म्हणजे सूर्य. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळपास 180 पट जोराने ओढतो. नुसत्या ओढीने भरती येत असती तर ती सूर्याच्या हुकमाने, रोज एकाच वेळी आली असती. पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा डोक्यावर येतो. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे. एवढ्या अंतरापुढे पृथ्वीची 12,742 किलोमीटरची जाडी म्हणजे काहीच नाही, म्हणून पृथ्वीच्या दोन बाजूंना त्याच्या ओढीत फारसा फरक पडत नाही. भरती घडवण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी भरतो.

«डोक्यावर चंद्र की भरती» हे आणखी एका कारणाने फसतं. मुंबई आणि भावनगर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. चंद्र दोन्हीकडे तीन-एक मिनिटांच्या फरकाने माथ्यावर येतो. पण भावनगरची भरती मुंबईनंतर काही तासांनी होते. फुगवटे चंद्राच्या खाली खाली धावत राहिले असते तर असं झालं नसतं. पृथ्वी विषुववृत्तावर तासाला 1,670 किलोमीटर वेगाने फिरते, आणि चार किलोमीटर खोल महासागरात भरतीची लाट तासाला 700 किलोमीटरच्या आसपासच जाऊ शकते. शिवाय वाटेत खंड आडवे येतात. म्हणून ही लाट किनाऱ्या-किनाऱ्याने आपल्या वेगाने जाते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, खंभातच्या निमुळत्या आखातात शिरली की दाटून उंच होते. कोचीला पाणी जेमतेम मीटरभर चढतं-उतरतं, तर भावनगरला उधाणात दहा मीटरच्या आसपास. चंद्र तोच, किनाऱ्याचा आकार वेगळा.

पौर्णिमा-अमावस्येचं वाक्य तर कोळीवाड्यातलं कोणतंही मूल खोडून काढेल. उधाण दोन्हींना येतं. अमावस्येला चंद्र नाहीसा होत नाही, त्याची उजेडाची बाजू आपल्याकडे नसते इतकंच, आणि ओढीचा उजेडाशी काही संबंध नाही. दोन्ही तिथींना सूर्य, पृथ्वी, चंद्र साधारण एका रेषेत येतात आणि सूर्याचा जोर चंद्राच्या जोरात मिळतो. अष्टमी-नवमीला ते काटकोनात असतात, तेव्हा सूर्याचा जोर चंद्राच्या विरुद्ध जातो आणि भांग पडतो, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. चंद्राचा जोर 100 धरा, सूर्याचा 46. उधाणाला 146, भांगाला 54. सगळा हिशेब यात आला.

सर्वात मोठी भरती मात्र बरोबर पौर्णिमेच्या दिवशी येत नाही. 2022 च्या जुलैतले मुंबईचे आकडे बघा. पौर्णिमा 13 तारखेला होती. त्या दिवशी भरती 11:44 ला, 4.68 मीटर. 14 ला 12:33, 4.82 मीटर. 15 ला 1:22, 4.87 मीटर. 16 ला 2:08, 4.85 मीटर. सर्वात वरचं पाणी दोन दिवसांनी आलं, कारण एवढ्या मोठ्या समुद्राला जोर लागल्यापासून डोलायला लागेपर्यंत वेळ लागतो. वेळ कशी रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं सरकली तेही पाहा. आपले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. वद्य द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता. 15 जुलैला द्वितीयाच होती आणि भरती आली 1:22 ला. आठ मिनिटांचा फरक!

जाता जाता, पावसाळ्यात बातम्यांत «4.87 मीटरच्या लाटा उसळणार» असं येतं, तेही चूक. हा आकडा लाटेच्या उंचीचा नसतो. खूप खालच्या ओहोटीच्या पातळीजवळ एक शून्य ठरवलेलं असतं, तिथून पाण्याची पातळी किती वर जाईल ते सांगितलेलं असतं. लाटा त्या पातळीवर वेगळ्या, वाऱ्यावर अवलंबून.

शरीरातल्या पाण्याचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. फरक पडायला लांबी लागते. 12,742 किलोमीटरच्या पृथ्वीवर ओढ 103 आणि 97 होते. तुम्ही दीड मीटर उंच, तुमच्या डोक्यात आणि पायात फरक किती पडणार? आणि तुम्ही सत्तर टक्के पाणी असा की नसा, याने काहीच बदलत नाही. चंद्र पाणी ओळखून ओढत नाही, दगडालाही तसाच ओढतो. आपल्या पायाखालची जमीनसुद्धा या जोराने वीस-तीस सेंटिमीटर वर-खाली होते. सगळं गाव तिच्यासोबत हलतं, म्हणून कळत नाही.

हे तपासायचं असेल तर जेटीच्या खांबावर दर दहा सेंटिमीटरला खूण करा, मोठ्या माणसाला सोबत घेऊन. लाटा फुटतात तिथे नको, आडोशाच्या पाण्यात करा. भरती पूर्ण झाल्याचा क्षण डोळ्यांनी सापडत नाही, कारण पाणी वर बराच वेळ थबकतं. म्हणून पाणी पोहोचतं त्या खुणांपैकी वरून दुसरी खूण धरा. चढताना पाणी तिला 11:10 ला लागलं आणि उतरताना 1:20 ला, तर भरती मधोमध, 12:15 ला. खूण फार खालची घेऊ नका. खाडीत पाणी झटपट चढतं आणि सावकाश उतरतं, त्यामुळे खालच्या खुणेवरून काढलेली मधली वेळ चुकते. आणि खाडीत जितके आत राहाल तितकी भरती पाऊणपटीच्या वेळेपेक्षा उशिरा येईल. किती उशिरा, ते आठ-दहा दिवस नोंदी केल्यावर कळेल. मग तेवढी मिनिटं तुमच्या गावच्या हिशेबात कायमची मिळवायची.