शार्पनेस स्क्रिप्टने मोजा, पण १०० चा नियम लावू नका

"हजार फोटो डोळ्यांनी कशाला चाळताय? पायथनमध्ये लाप्लासियनचा व्हेरिअन्स काढा, १०० च्या खाली आला की फोटो ब्लर, सरळ डिलीट." असा सल्ला देणाऱ्यांना माझे तीन आक्षेप आहेत.

पहिलं म्हणजे हा १०० चा आकडा. लाप्लासियन प्रत्येक पिक्सेलची शेजारच्या चार पिक्सेलशी तुलना करतो, म्हणजे फरक जितका जास्त तितका व्हेरिअन्स, म्हणजेच स्कोअर जास्त. त्यामुळे फोकस तोच ठेवून नुसता कॉन्ट्रास्ट दुप्पट केला तरी स्कोअर चौपट होतो. धुक्यातला एकदम शार्प फोटो ४० वर येईल आणि उन्हातल्या खडीचा जरा हललेला फोटो ३०० वर, मग १०० नक्की कशाची सीमा?

दुसरं, नॉइज, आणि इथे तर सगळं उलटंच होतं. लाप्लासियनच्या कर्नेलमध्ये, म्हणजे पिक्सेलना लावायच्या गुणकांच्या छोट्या तक्त्यात, मधे -४ आणि चार बाजूंना १, वर्गांची बेरीज २०. म्हणजे नॉइजचं स्टँडर्ड डेव्हिएशन ५ असेल तर २० गुणिले २५, कोऱ्या भिंतीच्या पूर्ण आउट ऑफ फोकस फोटोलाही ५०० च्या आसपास स्कोअर! जेपेगमध्ये कॅमेरा नॉइज पुसतो म्हणून प्रत्यक्षात कमी येतो, पण हाय आयएसओचे फोटो उगाच वर चढतात हे नक्की. आधी हलकासा गॉसियन ब्लर दिला की तो २० चा गुणक साधारण ०.४ वर येतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, स्क्रिप्टला तुमचा विषय कोणता ते माहीतच नसतं. समजा २४ मेगापिक्सेलच्या फ्रेममध्ये खंड्या ६०० बाय ६०० पिक्सेलचा आहे, म्हणजे फ्रेमचा फक्त दीड टक्का. एका फ्रेममध्ये पक्षी शार्प आणि मागचं गवत मऊ, पुढच्या फ्रेममध्ये फोकस सरकून गवतावर गेला. पूर्ण फोटो मोजला तर दुसरी फ्रेम जिंकते आणि चांगली फ्रेम डिलीट होते. म्हणून फक्त पक्ष्याचा चौकोन मोजायचा, बर्स्टभर त्याच आकाराचा:

```python
g = cv2.imread(f, cv2.IMREAD_GRAYSCALE)
g = g[y:y+h, x:x+w]
g = cv2.GaussianBlur(g, (3, 3), 0)
score = cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var() / g.mean()**2
```

शेवटचा भागाकार एक्सपोजरमधला थोडाफार फरक सांभाळून घेतो, आणि `CV_64F` च्या जागी `CV_8U` टाकू नका कारण त्यात निगेटिव्ह व्हॅल्यू शून्य होतात.

डोळ्यांपेक्षा स्क्रिप्ट बरी हे मला मान्य आहे, एकाच सीनच्या तीस फ्रेम क्रमाने लावायच्या असतील तर माणूस थकतो, स्क्रिप्ट नाही. पण रँकिंग त्या बर्स्टपुरतंच, दुसऱ्या सीनशी तुलना नको. वरच्या तीन-चार फ्रेम १०० टक्के झूमवर स्वतः बघा, कारण कॅमेरा आडवा हलला तरी आडव्या रेषा शार्पच राहतात आणि स्कोअर फसतो. बाकीच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, `os.remove` ने उडवलेली फाईल रिसायकल बिनमध्येसुद्धा जात नाही.