सीटीत सायनस 'ब्लॉक' आला म्हणून नाकात लसूण?

"सीटीत सायनसचं अस्तर जाड आणि वाटा ब्लॉक लिहिलंय म्हणजे आत पू साचलाय. लसणाच्या रसाचे थेंब नाकात सोडा, सगळा कचरा बाहेर पडेल. नाहीतर ऑपरेशन अटळ, इन्फेक्शन मेंदूत जातं."

हा मेसेज माझ्या मावशीला आला आणि तिने खरंच लसूण ठेचायला घेतला होता, म्हणून लिहितेय.

आधी लसूण. कच्च्या लसणाने साध्या त्वचेलाही भाजल्यासारखे फोड येतात, नाकाच्या आतलं अस्तर तर त्याहून नाजूक. रस पडला की नाकातून धो धो पाणी येतं आणि लोकांना वाटतं सायनस रिकामा झाला, पण ते पाणी आग झाल्यामुळे नाकाने तेव्हाच तयार केलेलं असतं. वर अस्तर अजून सुजतं, म्हणजे जी वाट सुजेमुळे बंद आहे ती आणखीच बंद. प्लीज कोणी करू नका.

आता पू. गालातल्या सायनसची वाट मुळात काही मिलिमीटरची, जरा सूज आली की सीटीत बंदच दिसते. १९९४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, नुकतीच साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी काढले तर २४ जणांची ही वाट बंद आणि २७ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड! त्यातल्या १४ जणांचा दोनेक आठवड्यांनी परत सीटी काढला, ११ जणांचं ॲंटिबायोटिकशिवाय साफ किंवा बरंच सुधारलेलं. मावशीचं नाक वर्षभर चोंदलेलं आहे हे खरं, पण सीटी काढला तेव्हा तिला वर ताजी सर्दीही होती, मग त्यातलं जुनं किती आणि सर्दीचं किती हे नुसत्या रिपोर्टवरून कसं कळणार?

ऑपरेशन अटळ वगैरे नाही. तिच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक बघितलं, पू नव्हता, सूज होती. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच, थेट नळाचं नाही) आणि त्यानंतर स्टिरॉइडचा स्प्रे, निदान आठ आठवडे. मावशी चार दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडणार होती आणि स्प्रे मधल्या पडद्यावर मारत होती, त्याने नुसतं रक्त येतं. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक कानाच्या दिशेला. एवढं नीट करूनही त्रास राहिला तर ऑपरेशनचा विचार.

मेंदूचं म्हणाल तर होऊ शकतं, मान्य, पण क्वचित. डोळा सुजला, दोन-दोन दिसायला लागलं, तापासोबत डोकं भयंकर दुखलं किंवा मान आखडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि सीटीत एकाच बाजूचा सायनस भरलेला असेल तर तिथे स्प्रे मारत बसू नका, वरच्या दाढेचं इन्फेक्शन, बुरशी, क्वचित गाठ असू शकते, ईएनटीकडे जाऊन ते तपासूनच घ्या.