व्हीपीएन लावला म्हणजे कॅफेचं वायफाय सुरक्षित झालं का?

“कॅफेच्या वायफायवर व्हीपीएनशिवाय बँकेचं पान उघडलं की शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमचा पासवर्ड वाचू शकतो. व्हीपीएन सुरू केला की सगळं बंद बोगद्यातून जातं, मग कुणालाच काही दिसत नाही आणि तुम्ही कोण आहात हेही कळत नाही. म्हणून व्हीपीएन लावा आणि निर्धास्त राहा.”

हा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो, तो एकेक करून तपासू. आधी पासवर्डबद्दल. हे म्हणणं एके काळी बरंचसं खरं होतं. 2010 साली फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेंशन आलं. उघड्या वायफायवर इतर लोकांच्या लॉगिन कुकी, म्हणजे लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरकडे ठेवते त्या ओळखीच्या खुणा, गोळा करून ते एका क्लिकमध्ये त्यांच्या खात्यात शिरू देत होतं. तेव्हा बऱ्याच साइट फक्त लॉगिनचं पान एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, ठेवायच्या आणि पुढची पानं साध्या एचटीटीपीवर द्यायच्या. त्यामुळे पासवर्ड झाकलेला असला तरी कुकी उघडीच फिरायची. पुढे लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने 2015 पासून एचटीटीपीएससाठी लागणारी, साइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली, आणि 2018 पासून क्रोम साध्या एचटीटीपी पानांवर `Not secure` असं दाखवू लागला. आज बँक, ईमेल आणि पैशांचे व्यवहार करणाऱ्या साइट पहिल्यापासून शेवटपर्यंत एचटीटीपीएसवर चालतात.

म्हणून व्हीपीएन नसताना नेमकं काय दिसतं ते एका उदाहरणाने पाहू. समजा तुम्ही `netbanking.example.com` उघडलं. ब्राउझर आधी या नावाचा आयपी पत्ता विचारतो. ही डीएनएसची विचारणा बहुतेक वेळा कॅफेच्या राउटरकडे, न झाकता जाते, म्हणजे नाव दिसलं. मग ब्राउझर त्या पत्त्याच्या पोर्ट 443 ला जोडतो आणि पहिल्याच संदेशात कोणती साइट हवी ते सांगतो. तिथेही नाव सहसा उघडंच असतं. डीएनएस झाकायची सोय ब्राउझरमध्ये सुरू असेल तर पहिली गळती थांबते, पण दुसरी बहुतेक ठिकाणी तशीच राहते. त्यानंतर मात्र सगळं कूटबद्ध होतं. युजरनेम, पासवर्ड, ओटीपी, खाते क्रमांक, शिल्लक, इतकंच काय, साइटच्या आत तुम्ही कोणतं पान उघडलं तेसुद्धा वायफायवरच्या माणसाला दिसत नाही. त्याच्या हाती लागतं ते एवढंच: अमुक वाजता या उपकरणाने या बँकेशी बोलणं केलं आणि साधारण इतका डेटा आला-गेला.

पासवर्ड खरोखर हातचा जातो तो वेगळ्याच वाटेने. कुणी मधे बसून खोटं पान देऊ लागलं तर त्याच्याकडे बँकेच्या नावाचं वैध प्रमाणपत्र नसतं, म्हणून ब्राउझर `Your connection is not private` असा इशारा देतो. तो ओलांडून पुढे जाणं हीच ती चूक. इशाऱ्याची निरुपद्रवी कारणंही असतात. वायफायचं लॉगिन पान अजून पूर्ण केलेलं नसतं किंवा उपकरणाचं घड्याळ चुकलेलं असतं. ही दोन्ही तपासा. तरीही इशारा राहिला तर ते नेटवर्क सोडा. ब्राउझरने पुढे जायचा पर्यायच दिला नाही तर ते चांगलंच झालं असं समजा: त्या साइटने आपल्याशी फक्त एचटीटीपीएसवरच बोलायचं, असं ब्राउझरला आधी बजावून ठेवलेलं असतं.

मग व्हीपीएन काहीच करत नाही का? करतो, आणि ते किरकोळ नाही. तो सुरू असताना कॅफेच्या राउटरला फक्त एका सर्व्हरकडे जाणारा कूटबद्ध प्रवाह दिसतो. कोणती बँक, कोणतं रुग्णालय, कोणती बातमी, यातलं काही नाही. राउटरने किंवा त्याचं सोंग घेतलेल्या लॅपटॉपने डीएनएसची खोटी उत्तरं देऊन तुम्हाला भलतीकडे नेणंही थांबतं. अजून साध्या एचटीटीपीवर चालणारी एखादी जुनी साइट किंवा प्रमाणपत्र नीट न तपासणारं एखादं निष्काळजीपणे लिहिलेलं ॲप तुमच्याकडे असेल, तर व्हीपीएनचा फायदा सर्वांत मोठा. आतलं ऑफिस नेटवर्क वापरायचं असेल तर तो लागतोच.

पण जे कॅफेपासून लपलं ते नाहीसं झालं नाही, ते व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर पोचलं. कॅफेच्या राउटरला साइटची जी नावं दिसली असती ती आता त्या कंपनीला दिसतात, आणि तीही रोजची, सगळ्या ठिकाणांहूनची. तासाभरापुरत्या अनोळखी राउटरऐवजी तुम्ही वर्षभराचा एक मध्यस्थ निवडता. म्हणून फुकट आणि मालक कोण ते न सांगणारा व्हीपीएन कॅफेच्या वायफायपेक्षा वाईट ठरू शकतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता ‘सगळं बोगद्यातून जातं’ हा भाग, जिथे सर्वांत जास्त गफलत होते. पहिली फट अगदी सुरुवातीला असते. कॅफेचं लॉगिन पान पूर्ण होईपर्यंत राउटर बाहेरची वाट अडवून ठेवतो, त्यामुळे व्हीपीएन जोडलाच जात नाही. लॉगिन झाल्या क्षणी वाट उघडते आणि मागे चालू असलेली मेल, चॅट, फोटो सिंक ही ॲप व्हीपीएनच्या आधीच धावत सुटतात. व्हीपीएनमध्ये किल स्विच, म्हणजे बोगदा नसताना इंटरनेटच अडवणारी सोय, लावला असेल तर उलटी अडचण येते. लॉगिन पानच उघडत नाही, माणूस किल स्विच बंद करतो आणि परत लावायला विसरतो.

लॅपटॉपवर यासाठी क्रम ठरवून घ्यावा. मेल आणि सिंकची ॲप बंद करा, वायफायला जोडा, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून `http://neverssl.com` टाका. ही साइट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे, कारण एचटीटीपीएसचं पान राउटरला प्रमाणपत्राचा इशारा न आणता वळवता येत नाही. लॉगिन पानावर अटी मान्य करा. तिथे ईमेलचा किंवा सोशल खात्याचा पासवर्ड मागितला तर देऊ नका, कारण या क्षणी व्हीपीएन नाही आणि ते पान कुणीही बनवलेलं असू शकतं. मग व्हीपीएन जोडा, जोडला गेल्याची खात्री करा आणि त्यानंतरच बाकीची ॲप उघडा. अँड्रॉइडवर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये `Always-on VPN` आणि `Block connections without VPN` हे दोन्ही पर्याय लावून ठेवा. तरीही इंटरनेट आहे का ते पाहणारी फोनची स्वतःची छोटी तपासणी बोगद्याबाहेरूनच जाते, हे माहीत असू द्या.

दुसरी फट जास्त फसवी आहे, कारण व्हीपीएनच्या खिडकीत ‘जोडलेला’ असंच दिसत राहतं. मे 2024 मध्ये टनेलव्हिजन या नावाने ती जाहीर झाली; तिचा क्रमांक `CVE-2024-3661`. वायफायला जोडताना डीएचसीपी तुम्हाला आयपी पत्ता देतं. त्याच डीएचसीपीचा 121 क्रमांकाचा पर्याय उपकरणाला ‘अमुक पत्त्यांकडे या वाटेने जा’ असंही सांगू शकतो. व्हीपीएन सहसा सगळं इंटरनेट एक-दोन मोठ्या मार्गांत बसवून ते बोगद्याकडे वळवतो. पण संगणक नेहमी जास्त नेमका मार्ग आधी निवडतो. त्यामुळे त्याच नेटवर्कवरच्या कुणी खोटा डीएचसीपी सर्व्हर चालवून नेमका मार्ग दिला, तर तेवढे पत्ते बोगद्याला वगळून थेट त्याच्याकडे जातात:

```
0.0.0.0/1      dev tun0
128.0.0.0/1    dev tun0
203.0.113.0/24 via 192.168.1.1 dev wlan0
```

इथे `tun0` म्हणजे बोगदा आणि `wlan0` म्हणजे वायफाय. पहिल्या दोन ओळी व्हीपीएनच्या. तिसरीमुळे `203.0.113` ने सुरू होणारे सगळे पत्ते वायफायवरून उघडे निघतात. बोगदा तुटलेला नसतो, म्हणून फक्त तुटण्याची वाट पाहणारा किल स्विच हलतही नाही. अँड्रॉइड 121 हा पर्याय पाळतच नाही, त्यामुळे त्याला हा धोका नाही. लॅपटॉपवर तपासायचं असेल तर व्हीपीएन जोडल्यावर लिनक्समध्ये `ip -4 route`, मॅकवर `netstat -rn -f inet` आणि विंडोजमध्ये `route print -4` चालवा. कॅफेच्या राउटरच्या किंवा त्याच वायफायवरच्या दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून जाणाऱ्या ओळींत नेहमीचा डिफॉल्ट मार्ग आणि व्हीपीएन सर्व्हरच्या एकट्या पत्त्याचा मार्ग एवढंच अपेक्षित आहे. आणखी एखादं नेटवर्क त्या वाटेने जाताना दिसलं आणि काही ॲप बोगद्याबाहेर ठेवायची सोय तुम्ही स्वतः लावलेली नसेल, तर वायफाय सोडून फोनचा हॉटस्पॉट घ्या. तिथे डीएचसीपी तुमच्याच फोनचं असतं. फायरवॉलने बोगद्याबाहेरचं सगळं अडवणारा व्हीपीएन असेल तर अशा वेळी गळतीऐवजी काही साइट नुसत्या उघडेनाशा होतात.

ही फट वापरली गेली तरी हल्लेखोराला काय मिळतं? व्हीपीएन नसताना दिसलं असतं तेवढंच, म्हणजे साइटची नावं आणि वेळा. पासवर्ड तरीही एचटीटीपीएसच्या आतच असतो.

ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन म्हणून बसवलेला व्हीपीएन फक्त त्या ब्राउझरपुरता असतो. मेल ॲप, चॅट, अपडेट सगळे नेहमीच्याच वाटेने जातात.

ओळख लपण्याचं म्हणाल तर, खात्यात लॉगिन केलं की समोरच्या साइटला तुम्ही कोण ते ठाऊकच असतं. आधीच्या कुकी आणि फोनची जीपीएस परवानगीही तशीच राहते. बदलतो तो फक्त तुमचा आयपी पत्ता. तोच पत्ता एकाच वेळी शेकडो अनोळखी लोक वापरत असल्यामुळे बँक जास्तीची पडताळणी मागू शकते किंवा लॉगिन अडवू शकते. खोट्या लिंकवर भरलेला पासवर्डही व्हीपीएनमधून तितक्याच सुरक्षितपणे चोराकडे पोचतो. त्या खोट्या पानाला कुलपाचं चिन्हही असू शकतं. म्हणून कुलूप पाहण्यापेक्षा पट्टीतलं साइटचं नाव अक्षर न् अक्षर वाचा.

शेवटी वायफायवरचे शेजारी. बाहेर जाणारा डेटा बोगद्यातून जातो, पण तुमच्या लॅपटॉपचा वायफायवरचा स्थानिक पत्ता तसाच असतो. राउटरने ग्राहकांची उपकरणं एकमेकांपासून वेगळी केलेली नसतील तर सामायिक फोल्डर किंवा उघडं पोर्ट शेजारच्या लॅपटॉपवरून दिसू शकतं. काही व्हीपीएन ॲपमध्ये स्थानिक नेटवर्क अडवायचा पर्याय असतो, पण तो लावलेला असेलच असं नाही. विंडोजमध्ये त्या वायफायच्या गुणधर्मांत नेटवर्कचा प्रकार `Public network` निवडा. मॅकवर फायरवॉल सुरू करा आणि `File Sharing` बंद ठेवा.